‘नको’ या उत्तराची किंमत

ओवे हे पनवेल तालुक्यातलं जुनं गाव. खारघरचे पस्तीस-छत्तीसचे सेक्टर आज त्याला अगदी खेटून उभे आहेत. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, उरण, पनवेल पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जासईच्या १९८४च्या आंदोलनानंतर प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शेती गेली आणि पुढे ज्यांना भूखंड मिळाले त्यांच्यातल्या अनेकांनी त्यावर इमारती बांधल्या. त्यामुळे या पट्ट्यातल्या घराघरांत आज जो व्यवहाराचा प्रश्न पडतो तो भाताच्या वाणाचा नाही. रिकाम्या खोल्यांचं काय करायचं, हा तो प्रश्न.

या प्रकरणात आपण असंच एक कुटुंब कल्पनेने घेऊ. आकडे हिशोब समजावा म्हणून मी बेतलेले आहेत, पण परिस्थिती तिथली आहे. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर चार मजली इमारत बांधून झाली आहे. खाली गाळे, वर २४ खोल्या. गाळे लागले, खोल्या रिकाम्या आहेत. दोन मार्ग समोर आहेत. तळोजा औद्योगिक वसाहतीतला एक ठेकेदार आपल्या कामगारांसाठी सगळ्या खोल्या पाच वर्षांच्या कराराने घ्यायला तयार आहे. सगळा खर्च जाऊन वर्षाला १८ लाख हातात पडतील, कटकट नाही. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः वसतिगृह चालवायचं: खोलीत तीन खाटा, एकूण ७२. खारघरच्या महाविद्यालयांतली मुलं, आजूबाजूला नोकरी करणारी तरुण मंडळी हे गिऱ्हाईक. त्यासाठी खाटा, गाद्या, कपाटं, गिझर, कॅमेरे, आग विझवण्याची साधनं आणि मेसचं स्वयंपाकघर यांवर आधी ४५ लाख घालावे लागतील.

धाकट्या भावाचा ओढा वसतिगृहाकडे आहे. थोरला म्हणतो, आधी एखाद्या संस्थेकडून बाजाराची नीट पाहणी करून घेऊ. पाहणीवाल्यांनी अडीच लाख सांगितले आहेत. अडीच लाख द्यावेत का? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर स्वभावावरून ठरतं. सावध माणूस देतो, धडाडीचा देत नाही. माझं म्हणणं असं, की हा स्वभावाचा प्रश्नच नाही. अडीच लाख जास्त आहेत की कमी, हे पाहणी करण्याआधी, कागदावर काढता येतं. त्यासाठी आधी पाहणीशिवायचा हिशोब पक्का करावा लागतो.

पाच वर्षं दरवर्षी येणारे पैसे आणि आज खिशातून जाणारे पैसे सरळ वजा करता येत नाहीत, कारण पाचव्या वर्षीचा लाख आजच्या लाखाएवढा नसतो. या कुटुंबाला पैसा बारा टक्क्यांनी पडतो असं धरू. मग पाच वर्षं दरवर्षी एक लाख मिळणं म्हणजे आज साधारण ३ लाख ६० हजार मिळणं. नेमका गुणक ३.६०५ आहे. ठेकेदाराचे वर्षाचे १८ लाख याने गुणले की ६५ लाख येतात. हे त्या कराराचं निव्वळ वर्तमान मूल्य. सुरुवातीचा खर्च नाही, त्यामुळे वजा करायला काही नाही.

वसतिगृहाचं मूल्य खाटा किती भरतात यावर आहे. खाटेला महिना साडेसात हजार धरले तर पूर्ण भरलेल्या ७२ खाटांचे वर्षाला ६४ लाख ८० हजार होतात. मागणी जोरात असेल आणि वर्षभराची सरासरी ९० टक्के खाटा भरलेल्या असतील तर ५८ लाख ३० हजार येतील. वीज, पाणी, टँकर, साफसफाई, चौकीदार, दुरुस्ती असे साडेएकोणीस लाख गेले की ३८ लाख ८० हजार उरतात. पाच वर्षांचे आजच्या भावाने १४० लाख. त्यातून आधीचे ४५ लाख काढले की ९५ लाख. मागणी मंद असेल आणि ५५ टक्केच खाटा भरल्या तर ३५ लाख ६० हजार येतील, १७ लाख ६० हजार खर्च होईल, हातात १८ लाख राहतील. म्हणजे ठेकेदार देतो तेवढेच. पण ४५ लाख आधीच खाटा-कपाटांत गेलेले असल्यामुळे मूल्य राहतं २० लाख. (पाच वर्षांनी त्या सामानाचे जे काही येतील ते मी शून्य धरलं आहे. वापरलेल्या गाद्या-खाटांचं मोल किती येतं ते ज्याने विकल्या आहेत त्याला ठाऊक आहे.)

आता निर्णयवृक्ष काढायचा. कागदाच्या डाव्या कडेला एक चौकोन. चौकोन म्हणजे जिथे आपण ठरवतो ती जागा. त्यातून दोन फांद्या निघतात: ‘ठेकेदार’ आणि ‘वसतिगृह’. ठेकेदाराच्या फांदीच्या टोकाला ६५ लिहायचे. वसतिगृहाच्या फांदीवर एक गोल येतो. गोल म्हणजे जिथे आपल्या हातात काही नाही ती जागा. गोलातून पुन्हा दोन फांद्या, जोरदार मागणीची ९५ आणि मंद मागणीची २०. या दोन फांद्यांवर शक्यता लिहाव्या लागतात. ओळखीच्यांना विचारून, आसपासच्या चार वसतिगृहांकडे पाहून कुटुंबाला वाटतं की मागणी जोरात असण्याची शक्यता शंभरात सत्तर. मग वसतिगृहाचं अपेक्षित मूल्य निघतं: ९५चे सत्तर टक्के साडेसहासष्ट, २०चे तीस टक्के सहा, मिळून साडेबहात्तर लाख. ठेकेदाराच्या ६५ लाखांपेक्षा हे जास्त आहे. म्हणजे पाहणीबिहणी काही नसेल तर धाकट्याचं बरोबर.

इथे एक आकडा काढून बाजूला ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. जोरदार मागणीची शक्यता किती खाली आली तर दोन्ही मार्ग सारखे होतील? वसतिगृह घेतलं आणि मागणी मंद निघाली तर ४५ लाखांचं नुकसान, ठेकेदार घेतला आणि मागणी जोरात असेल तर ३० लाखांची संधी गेली. हिशोब शंभरात साठवर जुळतो. शक्यता साठाच्या वर असेल तर वसतिगृह, खाली गेली तर ठेकेदार. कुटुंब आज सत्तरवर उभं आहे.

आता पाहणीकडे वळू. आधी अशी कल्पना करू की कोणीतरी खात्रीने, शंभर टक्के खरं सांगणार आहे की मागणी जोरात आहे की मंद. त्या माणसाला जास्तीत जास्त किती द्यावेत? त्याने ‘जोरात’ म्हटलं तर आपण वसतिगृह करू, जे आपण तसंही करणारच होतो. त्या उत्तराने आपल्याला काहीच मिळालं नाही. त्याने ‘मंद’ म्हटलं तर आपण ठेकेदाराकडे वळू आणि ४५ लाख वाचवू. असं शंभरात तीस वेळा होईल. ४५चे तीस टक्के म्हणजे साडेतेरा लाख. संपूर्ण खरी माहिती या निर्णयात साडेतेरा लाखांची आहे, एका रुपयानेही जास्त नाही. पाहणीवाल्याने पंधरा लाख मागितले असते तर तो कितीही नावाजलेला असला तरी त्याला चहा पाजून परत पाठवायला दोन मिनिटं पुरली असती.

या हिशोबातली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पाहणीची सगळी किंमत तिच्या ‘नको’ या उत्तरात आहे. आपण ज्या बाजूला आधीच झुकलेलो आहोत त्याच बाजूचं उत्तर मिळालं तर समाधान वाटतं, झोप बरी लागते, पण निर्णय तोच राहतो आणि पैशाच्या हिशोबात त्या समाधानाला जागा नाही. स्टॅनफर्डचे रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ साली माहितीच्या मूल्यावर जो निबंध लिहिला त्याच्या मुळाशी हेच आहे: माहितीचं मोल ती किती आश्चर्यकारक आहे यावर ठरत नाही, तिच्यामुळे कोणता निर्णय बदलू शकतो आणि त्या बदलाने किती पैसे वाचतात यावर ठरतं. या शास्त्राचा पाया घालणारी उदाहरणं तेलाच्या विहिरींची होती. विहीर खोदायला प्रचंड खर्च, तेल लागेल की नाही ठाऊक नाही, आणि आधी भूकंपलहरींनी जमिनीची चाचणी घेण्याची सोय. चाचणी घ्यावी की सरळ खोदावं? ओव्यातल्या २४ खोल्यांचा प्रश्न याच वळणाचा आहे, फक्त शून्यं कमी आहेत.

खरी पाहणी मात्र शंभर टक्के बरोबर नसते. समजा ही संस्था दहातल्या आठ वेळा बरोबर सांगते: मागणी खरोखर जोरात असेल तर आठ वेळा ‘करा’ म्हणते, मंद असेल तर आठ वेळा ‘नको’ म्हणते. या टप्प्यावर पुस्तकं बेझचं सूत्र लिहितात आणि वाचक पान उलटतो. सूत्राची गरज नाही. ओव्यासारखी शंभर ठिकाणं डोळ्यांपुढे आणा. त्यांतल्या सत्तर ठिकाणी मागणी जोरात, तीस ठिकाणी मंद. सत्तरांपैकी ५६ ठिकाणी पाहणी ‘करा’ म्हणेल, १४ ठिकाणी चुकून ‘नको’ म्हणेल. तिसांपैकी २४ ठिकाणी बरोबर ‘नको’ म्हणेल, ६ ठिकाणी चुकून ‘करा’.

‘करा’ हे उत्तर एकूण ६२ ठिकाणी आलं, त्यातल्या ५६ ठिकाणी मागणी खरंच जोरात. म्हणजे सत्तरची शक्यता नव्वदवर गेली. ‘नको’ हे उत्तर ३८ ठिकाणी आलं, त्यातल्या १४ ठिकाणीच मागणी जोरात. शक्यता सत्तरवरून छत्तीस-सदतीसवर घसरली. बाजूला ठेवलेला साठचा आकडा आठवा. सदतीस त्याच्या बऱ्याच खाली आहे, म्हणून ‘नको’ आलं तर ठेकेदाराला होकार द्यायचा. पाहणीने निर्णय बदलला.

आता या बदलाचे पैसे. ‘नको’ ऐकून ठेकेदाराकडे वळलेल्या ३८ ठिकाणांपैकी २४ ठिकाणी आपण प्रत्येकी ४५ लाख वाचवले, एकूण १,०८० लाख. पण १४ ठिकाणी पाहणी चुकली आणि आपण चांगलं वसतिगृह सोडून दिलं, तिथे प्रत्येकी ३० लाख गमावले, एकूण ४२० लाख. फरक ६६० लाख. शंभर ठिकाणांवर वाटला की दर ठिकाणी ६ लाख ६० हजार. म्हणजे दहात आठ वेळा बरोबर असलेली पाहणी या कुटुंबासाठी ६ लाख ६० हजारांची आहे. सगळा वृक्ष पुन्हा मांडून पाहिला तरी आकडा तोच येतो: पाहणीसह अपेक्षित मूल्य ७९ लाख १० हजार, पाहणीशिवाय साडेबहात्तर. मागितलेले अडीच लाख याच्या निम्म्याहूनही कमी आहेत. थोरल्याचं बरोबर ठरलं, निदान इथवर तरी.

पण पाहणीचा खर्च संस्थेच्या बिलावर संपत नाही. पाहणीला दोन महिने लागणार आहेत आणि तोवर खोल्या रिकाम्या. ठेकेदाराचे महिन्याचे दीड लाख या दराने दोन महिन्यांचे तीन लाख बुडतात. अडीच आणि तीन मिळून साडेपाच. ६ लाख ६० हजारांतून ते वजा केले की पाहणीचा निव्वळ फायदा उरतो १ लाख १० हजार. अजूनही करावी, पण आता काठावर. तिला तिसरा महिना लागला तर ती तोट्याची. शिवाय महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैत होतात. पाहणी जूनमध्ये सुरू केली आणि अहवाल ऑगस्टमध्ये हातात आला तर मुलांनी खोल्या कधीच धरलेल्या असतात आणि वसतिगृहाचं पहिलं वर्ष अर्धं रिकामं जातं. मग नुकसान तीन लाखांवर थांबत नाही. हीच पाहणी जानेवारीत करावी, त्यात शहाणपण आहे. किती दिवस लागतील आणि ते दिवस वर्षातले कोणते, हे दोन प्रश्न बिलाच्या रकमेआधी विचारावेत असं माझं ठाम मत आहे.

दहात आठ हा आकडा आला कुठून, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न योग्य आहे. संस्थेला विचारावं: तुम्ही याआधी ‘करा’ म्हटलेल्या वसतिगृहांपैकी किती भरली? ‘नको’ म्हटलेल्यांपैकी किती जणांनी तरीही केलं आणि त्यांचं काय झालं? पुष्कळदा याची नोंदच ठेवलेली नसते. मग हिशोब उलटा करावा. सगळा खर्च साडेपाच लाख भरून निघायला पाहणी किती वेळा बरोबर असायला हवी? उत्तर येतं शंभरात सत्याहत्तर. दहात सहाच वेळा बरोबर असेल तर तिची किंमत शून्य. मग प्रश्न सोपा होतो: माझ्यासमोर बसलेला हा माणूस चारांत तीनपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरेल असं मला वाटतं का?

बरोबर ठरणं हेही दोन प्रकारचं असतं आणि आपल्याकडच्या पाहण्या एका प्रकारात नेहमी कमी पडतात. खारघरमध्ये महाविद्यालयाच्या फाटकाशी उभं राहून मुलांना विचारलं, ‘ओव्यात स्वच्छ, मेससह वसतिगृह झालं तर राहाल का?’ तर मुलं मान डोलावतात. हो म्हणायला पैसे पडत नाहीत. अशी पाहणी मागणी जोरात असेल तेव्हा ‘करा’ म्हणते, आणि मंद असेल तेव्हाही बहुतेक वेळा ‘करा’च म्हणते. समजा मंद मागणीच्या तीस ठिकाणांपैकी तिने ९ ठिकाणीच ‘नको’ म्हटलं आणि २१ ठिकाणी ‘करा’. जोरदार सत्तरांत पूर्वीसारखं १४ ठिकाणी चुकून ‘नको’. आता ‘नको’ हे उत्तर २३ ठिकाणी आलं आणि त्यातल्या १४ ठिकाणी मागणी जोरात, म्हणजे एकसष्ट टक्के. साठाच्या वर! ‘नको’ ऐकूनही हिशोब वसतिगृहच करा म्हणतो. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी निर्णय तोच, म्हणून या पाहणीची किंमत शून्य, फुकट मिळाली तरी शून्य. शंभर पानी अहवाल, रंगीत आलेख आणि चकचकीत बांधणी यांनी त्या शून्यात काही भर पडत नाही.

‘नको’ खरं सांगू शकेल अशी पाहणी वेगळ्या प्रकारे करावी लागते. राहाल का असं न विचारता पाचशे रुपये परतफेडीच्या बोलीवर भरून नाव नोंदवायला सांगितलं की शंभरातले किती खरे, ते कळतं. चालू वसतिगृहांच्या मालकांना ‘कसं चाललंय’ विचारू नये, सगळेच फुल्ल असल्याचं सांगतात. त्याऐवजी पाण्याचे वीस लिटरचे जार टाकणाऱ्या टेम्पोवाल्याशी बोलावं. कोणत्या इमारतीत रोज किती जार उतरतात, गेल्या वर्षी किती उतरत होते आणि एप्रिल-मेमध्ये किती घटतात, हे त्याच्या वहीत असतं आणि ते कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेलं नसतं. मेसचे डबे पोहोचवणाऱ्या बायकांनाही हेच माहीत असतं. रात्री साडेदहाला मजल्यावर किती खिडक्यांत दिवे आहेत ते आठवडाभर मोजता येतं. सकाळी पेठपाडा मेट्रो स्थानकावर किती तरुण चढतात हेही दिसतं. अशा मोजण्यांत एक गुण आहे: मागणी मंद असेल तर ती लपत नाही. माझ्या मते अडीच लाखांतला मोठा वाटा प्रश्नावल्यांवर न जाता अशा मोजणीवर गेला पाहिजे, आणि संस्था त्याला तयार नसेल तर कुटुंबातल्या कोणीतरी महिनाभर ही वही ठेवावी.

यातली काही माहिती तर विकत घ्यावीच लागत नाही. सिडकोने ऑक्टोबर २०२४ मध्ये २६,००० घरांची योजना जाहीर केली, त्यात तळोजा-खारघर पट्ट्यातली घरंही होती. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या अशा घरांतली बरीच पुढे भाड्याने निघतात आणि तीन-चार मुलं मिळून एक घर घेतात, म्हणजे ती वसतिगृहाची थेट स्पर्धक. ही फुकटची माहिती आधी सत्तरच्या आकड्यात मिसळून घ्यावी आणि मगच विकतच्या पाहणीची किंमत काढावी. उलट केलं तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते: आधी आपण स्वतः कमी धरलेली शक्यता संस्था आपल्याच तोंडून ऐकून अहवालात लिहिते आणि आपल्याला दुजोरा मिळाल्यासारखं वाटतं.

सत्तरच्या आकड्याचीही खबर घ्यायला हवी. धाकट्याला सत्तर नव्हे, नव्वद वाटत असेल तर? नव्वद ठिकाणी जोरदार, दहा ठिकाणी मंद. दहात आठ वेळा बरोबर असलेली तीच चांगली पाहणी नव्वदांत १८ वेळा चुकून ‘नको’ म्हणेल आणि दहांत ८ वेळा बरोबर ‘नको’ म्हणेल. ‘नको’ आलं तरी २६ पैकी १८ ठिकाणी मागणी जोरातच, एकोणसत्तर टक्के. निर्णय बदलत नाही, किंमत शून्य. थोरल्याला पन्नासच वाटत असेल तर गंमत उलटी: पाहणीशिवाय तो ठेकेदाराकडे जाईल, आणि त्याच्यासाठी पाहणीची किंमत तिच्या ‘करा’ या उत्तरात आहे. त्याच्या हिशोबाने शंभरात ४० वेळा ती त्याला ३० लाख मिळवून देईल आणि १० वेळा ४५ लाखांच्या खड्ड्यात घालेल. फरक साडेसात लाख. एकाच घरातल्या, एकाच जेवणाला बसणाऱ्या दोन भावांसाठी एकाच पाहणीची किंमत वेगळी असू शकते आणि दोघेही बरोबर असू शकतात. त्यांनी पाहणीवर भांडण्याआधी ‘तुला किती वाटतं’ हा आकडा एकमेकांना सांगावा. पुष्कळदा वाद पाहणीचा नसतोच, या आकड्याचा असतो. आणि धाकट्याच्या नव्वदमागे चार वसतिगृहांचं निरीक्षण आहे की एका मित्राचं बोलणं, हे विचारायलाही तीच वेळ योग्य.

आपला वृक्ष दोन फांद्यांचा आहे, प्रत्यक्षात खाटा नव्वद किंवा पंचावन्न टक्केच भरतात असं नाही. बहात्तर टक्केही भरतील. तीन-चार फांद्या काढून हिशोब पुन्हा केला तर पाहणीची किंमत बदलते, बहुधा थोडी कमी होते, कारण मधल्या फांद्यांवर दोन मार्गांतला फरक लहान असतो आणि तिथे चुकलं तरी फार बिघडत नाही. पाहणीचा फायदा काठावर असेल, जसा इथे १ लाख १० हजारांचा आहे, तेव्हा हे करून पाहावंच. दुसरी बाजूही आहे. अपेक्षित मूल्य सरासरीवर चालतं, आणि ४५ लाख पतपेढीतून कर्जाने काढलेल्या कुटुंबाला वाईट फांदी एकदाच सोसावी लागते, शंभर ठिकाणी वाटून नाही. अशा घरात ‘नको’चं खरं मोल हिशोबात येतं त्याहून जास्त असतं.

पाहणीपेक्षा चांगला एक मार्ग या कुटुंबाकडे आहे. ठेकेदार तयार असेल तर त्याला तीन मजल्यांपैकी दोनच द्यायचे आणि एका मजल्यावर आठ खोल्या, चोवीस खाटा सजवून वसतिगृह सुरू करायचं. साधारण पंधरा लाख गुंततील, पण वर्षभरात मिळणारी माहिती कुठल्याही अहवालापेक्षा पक्की असेल, कारण ती महिना साडेसात हजार भरणाऱ्यांकडून आलेली असेल. मागणी मंद निघाली तर नुकसान पंचेचाळीसचं नाही, पंधराचं. अर्थात चोवीस खाटा भरल्या म्हणून बहात्तर भरतीलच असं नाही. पहिल्या चोवीस नेहमीच सोप्या असतात. आणि दोन मजले एकदा पाच वर्षांसाठी करारात अडकले की मागणी जोरात निघाली तरी ते मोकळे होत नाहीत. म्हणून हा मार्ग घ्यायचा तर ठेकेदाराशी पाच वर्षांऐवजी अकरा महिन्यांचा करार मागावा. तो महिन्याचं भाडं थोडं कमी करेल. ती कमी झालेली रक्कम म्हणजेच या माहितीची किंमत, आणि तिची तुलना त्याच ६ लाख ६० हजारांशी करायची.

एक माहिती मात्र कोणालाच विकत घेता येत नव्हती. नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर ते पेंधर मार्गाचं भूमिपूजन २०११ मध्ये झालं. अकरा स्थानकांची ही गाडी प्रवासी घेऊन धावायला लागली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. मधल्या काळात ओवे-तळोजा परिसरात ज्यांनी खोल्या बांधल्या त्यांच्या खाटा भरणार की नाही हे मोठ्या प्रमाणात या एका तारखेवर अवलंबून होतं. २०१५ साली कितीही लाखांची बाजार पाहणी केली असती तरी ती मुलांना विचारून तारीख सांगू शकली नसती, कारण ते उत्तर मुलांकडे नव्हतंच. अशा वेळी पाहणीच्या फांदीऐवजी वृक्षावर वेगळी फांदी लागते: ‘थांबा’. दोन वर्षांचा करार ठेकेदाराशी करायचा, ४५ लाख हातात ठेवायचे आणि गाडी सुरू झाली की ठरवायचं. त्या फांदीची किंमत काढण्याचं गणित हेच, फक्त ‘पाहणीवाला’ हा माणूस नसून वेळ असतो आणि त्याचं बिल दरवर्षी बारा टक्क्यांनी येतं.